राजाला ‘जा’ कसं म्हणायचं?

“अवो ताई, जरा भिंतीकडं या की. मी काय म्हणतो, ह्या पिल्लाचं काय करायचं वो?”

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमची घरं एकमेकांना पाठ लावून उभी आहेत. मधली कंपाउंडची भिंत छातीइतकी उंच. तिच्यावर कोपर टेकता येतं आणि पलीकडच्या अंगणातलं सगळं दिसतं. वहिनींनी हाक मारली तेव्हा मला वाटलं पिल्लू आजारी पडलं. बघते तर ते तुळशीकट्ट्यामागं मजेत चप्पल चावत बसलेलं. रंग तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, पाय अंगाच्या मानानं लांब. कागलकडच्या कुणा पाहुण्यांनी दिलंय. आईत कारवानीचा अंश आहे म्हणतात. असेलही. पाय तरी तसेच आहेत.

“आजारी न्हाई वो. ह्याला नावं पाच झाल्यात. एकालाबी ओ देत न्हाई.”

दहावीतला पोरगा त्याला ब्रुनो म्हणतो. धाकटी किटी म्हणते, कारण तिच्या मते पिल्लू मांजरासारखं झोपतं. भाऊजी संध्याकाळी गेट उघडताना टायगर म्हणून ओरडतात. सासूबाई, म्हणजे वहिनींच्या आत्ती, राजा म्हणतात. आणि वहिनी स्वतः? “मी आपली बाळा म्हणतो. तोंडात तेच येतंय.”

एवढ्यात तिसऱ्या बाजूनं आबा आले. आबांची आणि वहिनींची भिंत सामाईक आहे, आमची कोपऱ्याला मिळते. त्यामुळं तिघं उभे राहिलो की चौक पूर्ण होतो. आबा पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झाले. नोकरीतली सगळी वर्षं जनावरांच्या दवाखान्यात गेली, गाईम्हशींच्या मागं फिरता फिरता कुत्रीही बरीच हाताखालून गेली. त्यांना विचारायची गरज नसते, ते सुरूच करतात.

“नाव नंतर. आधी हुकूम सांगा. ह्याला काय काय सांगणार तुम्ही?”

वहिनींनी बोटांवर मोजलं. ये, बस, थांब, सोड, नको, जा. पोरगा आतून ओरडला, “सिट, स्टे, नो!” आबांनी तिथंच पहिला निकाल दिला. घरात एकच भाषा ठरवा. एक माणूस ‘बस’ म्हणतो, दुसरा ‘सिट’ म्हणतो, तर पिल्लाला एका कामाचे दोन शब्द शिकावे लागतात आणि नावाला अडखळायला दुप्पट दगड होतात. आत्तींना इंग्रजी येत नाही आणि दिवसभर पिल्लाजवळ त्याच असतात. म्हणून मराठी ठरलं. पोरगा थोडा फुगला.

“आता ह्या सहा शब्दांपुढं एकेक नाव उभं करा,” आबा म्हणाले. “राजा घ्या. हाक कशी मारता? गच्चीवरनं मारून दाखवा.”

आत्ती बाहेर आल्याच होत्या. त्यांनी पदर सावरून हाक दिली, “राजाऽऽऽ!”

“ऐकलं? ‘रा’ गेलं वाऱ्यावर. पोचलं काय? ‘जाऽऽ’. कुत्र्याला बोलवताय का घालवताय?”

वहिनी इतक्या हसल्या की भिंतीवरची बादली पडली. पण मला हे पटलं, आणि त्यातली खरी गोम आपल्या हाक मारण्याच्या पद्धतीत आहे. मराठीत लांबून हाक मारताना आपण शेवटचा स्वर ताणतो. सुरुवातीचं अक्षर पटकन म्हणून टाकतो, शेवटचं लांबवतो. चार घरांपलीकडं जे पोचतं ते शेपूट. म्हणून नावाचं शेवटचं अक्षर हुकुमाशी जुळतं का ते आधी बघायचं, सुरुवात नंतर. इंग्रजी हुकूम असते तर ब्रुनोच्या शेपटीत ‘नो’ आला असता, आणि किटी तर सरळ ‘सिट’च्या शेजारी जाऊन बसली असती. मराठी हुकुमांपुढं ब्रुनो तसा निभावतो. ब्रुनो नावाची हजार कुत्री सुखानं नांदतायत आणि ‘नो’ही पाळतायत, हेही आबांनीच कबूल केलं. कुत्रं शिकतं, फक्त वेळ जास्त लागतो. तो वेळ वाचवायचा तर आत्ताच वाचवा, एवढंच.

मी मागं वाचलेलं एक सांगितलं. हंगेरीत बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठातल्या लोकांनी 2020 मध्ये घरगुती कुत्र्यांच्या डोक्याला बाहेरून तारा चिकटवल्या आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजल्या. कुत्र्यांना ओळखीचा हुकूम ऐकवला, मग त्यातला एकच ध्वनी बदलून केलेला निरर्थक शब्द ऐकवला, मग अगदीच वेगळा निरर्थक शब्द. अगदी वेगळा शब्द मेंदूनं लगेच वेगळा काढला. एक ध्वनी बदललेला मात्र मूळ हुकुमासारखाच घेतला. कान कमी पडतात असं नाही, आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज कुत्र्याला ऐकू येतो. पण बोलण्यातल्या एका ध्वनीच्या फरकाकडं ते आपल्याइतकं लक्ष देत नाही.

“म्हंजे तांब्याचं काय?” आत्ती एकदम म्हणाल्या.

तांब्या हे सहावं नाव. रंग तांबूस, म्हणून सकाळीच आत्तींना सुचलेलं. आबांनी कपाळाला हात लावला. “थांब आणि तांब्या! आत्ती, गेटातनं टेंपो शिरला आणि तुम्ही ‘थांब’ म्हणून ओरडला, तर हे धावत तुमच्याकडं येणार की हो.” बुडापेस्टच्या मंडळींना ह्याहून चांगली जोडी सापडली नसती. त आणि थ, मध्ये फक्त एक फुंकर. शिवाय तांब्या घरात दिवसभर मागितला जातो. तांब्या भर, तांब्या आण, तांब्या कुठं ठेवला. पिल्लू दर वेळी मान वर करणार, काही मिळत नाही म्हणून खाली घालणार, आणि आठवड्यात मान वर करायचंच सोडून देणार. नाव घासून गुळगुळीत होतं ते असं.

बाळा त्याच कारणानं गेलं. आपल्याकडं बाळा, सोन्या, राजा, पिल्लू ही कुत्र्याची नावं व्हायच्या आधी पोरांची असतात. मागच्या गल्लीत एकानं कुत्र्याचं नाव सोन्या ठेवलं होतं. बाई दारात उभी राहून “सोन्या, जेवायला ये” म्हणायची तेव्हा एक कुत्रं आणि दोन पोरं यायची. पोरांना हसू यायचं, पण कुत्र्याची पंचाईत व्हायची, कारण त्याला कळायचं नाही की आत्ताची हाक आपली का त्यांची. घरात बाळा कुणाकुणाला म्हणता, असं आबांनी विचारलं. वहिनी विचार करून म्हणाल्या, “दोन्ही पोरांस्नी. भाच्याला. कामवाल्या बाईच्या पोरीला. आणि कधी कधी ह्यास्नीबी.”

भाऊजींचा टायगर मात्र ध्वनीच्या कसोटीला उतरला. ट ठणठणीत, शेवट वेगळा, हुकुमात त्याच्यासारखं काही नाही. मुंबई पोलिसांच्या श्वानपथकात 26 नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या वेळी काम केलेल्या कुत्र्यांची नावं मॅक्स, सीझर, सुलतान आणि टायगर. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर आरडीएक्स हुंगून काढणारा लॅब्रॅडॉर होता जंजीर. म्हणून बघा: एकही नाव लांबलचक नाही, एकही कुठल्या हुकुमासारखं नाही. वाकडी जागा एकच निघाली. आमच्या गल्लीच्या तोंडाला गॅरेजवाल्याचा टायगर आहे आणि चौकात दूधवाल्याचा. भाऊजींनी संध्याकाळी हाक मारली तर तीन टायगर उठणार, आणि त्यातले दोन चावरे.

आबांनी मग कोल्हापूरचा खास अडसर काढला. इथं कुठलंही नाव शाबूत राहत नाही. ब्रुनोचा ब्रुन्या होणार, रॉकीचा रॉक्या, सीझरचा सीझऱ्या. घरातला माणूस ब्रुनो म्हणेल, पण रस्त्यावरची पोरं, दूधवाला, समोरचे काका सगळे ‘या’ लावूनच बोलवणार. मग कुत्र्याच्या कानावर दोन शेपट्यांची दोन नावं पडतात. त्यापेक्षा नाव ठेवतानाच त्याला ‘या’ लावून बघावं. लावल्यावर ते हुकुमासारखं किंवा कुणा माणसासारखं होत असेल तर सोडून द्यावं. कपाळावरच्या ठिपक्यावरून मी चांद्या सुचवलं होतं. कपाळावर पांढरं असलेल्या बैलाला आपल्याकडं चांद्या म्हणतातच. पण आमच्या गल्लीत एक चंद्रकांत आहेत आणि त्यांना सगळे चंद्याच म्हणतात. ते रोज संध्याकाळी ह्याच रस्त्यानं फिरायला जातात. कुत्र्याला “चांद्या, हाड!” म्हटलं आणि ते नेमके समोरून आले तर पुढचं हळदीकुंकू बंद.

पोरानं मध्येच मोका काढलं, कॉफीवरनं. भाऊजी ऑफिसातनं आलेच होते. ते म्हणाले, “मोक्का? रस्त्यावर उभारून मोक्का मोक्का ओरडू? पोलीस येतील.” तो विषय तिथं संपला. वाघ्याचंही निघालं. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं आणि रायगडावर वाघ्याचा पुतळा आहे, त्यामुळं नाव जुनं आणि मानाचं. ध्वनीनंही चांगलं. पण पोरगीनं शाळेत चार मुलांच्या घरी वाघ्या असल्याचं सांगितलं.

शेवटी ठरलं टिक्का. कपाळावरचा ठिपका म्हणून. दोन अक्षरं, मध्ये जोडाक्षराचा ठोका, शेवटी उघडा ‘आ’. तोंड मोठं उघडून म्हटलेला ‘आ’ लांब पोचतो, त्यामुळं गच्चीवरनं मारायलाही बरं. ‘या’ लावलं तरी टिक्क्या, म्हणजे फारसं बिघडत नाही. सगळे खूष झाले. मीही.

बिघडलं ते फोनवर. वहिनी माहेरी बोलत होत्या. आपल्याकडं फोनवरचं बोलणं कसं असतं ते माहीत आहेच. पलीकडचा बोलतो, अलीकडचा दर वाक्याला “ठीकाय… ठीकाय की…” म्हणत राहतो. पिल्लू पहिल्या ‘ठीकाय’ला धावत आलं. दुसऱ्याला पुन्हा उठलं. पाचव्याला नुसते कान हलवले. आबा भिंतीपलीकडनं बघत होते. म्हणाले, “वैनी, नाव बदला. आत्ताच बदला. ह्याला अजून ते नीट लागलेलं नाही तोवर.”

मला हा प्रकार फार आवडला, कारण कागदावर टिक्का आणि ठीकाय शेजारी ठेवले असते तर कुणालाच शंका आली नसती. घरात कुठला शब्द किती वेळा बोलला जातो हे घरातल्यांना कळत नाही, आणि पिल्लाला दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून नाव पक्कं करायच्या आधी एक दिवस पिल्लाच्या कानांकडं बघत बसावं. नाव घेतलेलं नसताना ते कधी कधी मान वळवतं, आणि त्या वेळी आपण काय बोललो होतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मग आत्ती म्हणाल्या, “मोत्या ठेवा. आमच्या माहेरी मोत्याच होता.”

पोरगा ओरडला, जुनाट आहे, कुणी ठेवत नाही आता. आबा म्हणाले, “कुणी ठेवत नाही म्हणूनच ठेव. हाक मारली तर दुसरं कुणी उठणार नाही.” ये, बस, थांब, सोड, नको, जा, ह्या सहांपुढं आम्ही मोत्या उभा केला. एकाशीही जुळेना. गल्लीत त्या नावाचा माणूस नाही. ‘या’ आधीच लागलेला, त्यामुळं कोल्हापूर त्याला आणखी काही करू शकत नाही. मला वाटतं, आपल्या आज्यांनी मोत्या, खंड्या, वाघ्या ही नावं शतकानुशतकं अंगणातनं ओरडून ओरडून चाळून ठेवलेली आहेत. न चालणारी कधीच गळून पडली.

त्यावर पोरानं खुस्पट काढलंच. “आणि मोटर?”

हे मात्र खरं. इकडं दिवसातनं दोनदा “मोटर चालू कर”, “मोटर बंद कर” असतंच. आबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, दर घरात एखादा शब्द कुठंतरी घासणारच. मोटर रोज दोन वेळा, त्याच वेळी, आणि त्यानंतर कुणी खायला देत नाही. नाव घेतलं की मिळतं आणि मोटर म्हटलं की मिळत नाही, हे पिल्लू थोड्या दिवसांत वेगळं करतं. ‘ठीकाय’ दिवसभर असतं, त्याला हे चालत नाही.

टिक्कावरनं मोत्यावर यायचं कसं, हे आबांनी भिंतीवरच दाखवलं. नवं नाव आधी, जुनं लगेच मागनं: “मोत्या, टिक्का.” पिल्लानं बघितलं की खाऊ. थोड्या दिवसांनी मागचं जुनं गाळायचं. उलट क्रमानं केलं तर पिल्लू जुन्यालाच वळतं आणि नवं ऐकतच नाही.

मग मूळ शिकवणी. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे वाटीत. पिल्लू इकडंतिकडं बघत असताना नाव एकदाच घ्यायचं, नेहमीच्या आनंदी आवाजात. मान वळली की त्याच क्षणी “शाब्बास” आणि तुकडा तोंडात. सेकंदभर उशीर झाला तर पिल्लाला वाटतं, आपण खाली हुंगलं त्याचं मिळालं. एका बैठकीत पाच-सहा वेळा, पिल्लू कंटाळायच्या आत थांबायचं, आणि जेवणाच्या आधी भूक असताना करायचं. आधी आतल्या खोलीत, मग अंगणात, मग गेटाशी. नाही वळलं तर परत परत ‘मोत्या मोत्या मोत्या’ करायचं नाही. जवळ जायचं, जिभेनं चुचकारायचं, वळलं की द्यायचं. सतरांदा म्हटलेलं नाव मिक्सरच्या आवाजासारखं होतं, चालू असतं एवढंच.

“आणि वैनी, रागावताना नाव घ्यायचं नाही. चप्पल फाडली तर ‘सोड’ म्हणा. आंघोळीला, सुईला न्यायचं तर जाऊन उचलून आणा. नाव ऐकून आलं आणि सुई टोचली, तर पुढच्या वेळी नाव ऐकून कॉटखाली जाईल.”

नाव म्हणजे ‘ये’ नव्हे, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. मोत्या म्हणजे ‘माझ्याकडं बघ’. बघितल्यावर ‘ये’ किंवा ‘थांब’. ‘ये’ आपण आपोआप तुटक आणि उडत्या आवाजात म्हणतो, जसं कुत्र्याला “यू यू यू” करतो. ‘थांऽऽब’ लांब आणि खाली येत जातो, बैलाला “होऽऽ” करतो तसा. पॅट्रिशिया मॅकॉनेल ह्या अमेरिकन बाईंनी 1990 मध्ये पिल्लांवर हेच तपासलं. तुटक, चढते, परत परत येणारे सूर असले की पिल्लं बोलावल्यावर लवकर यायला शिकली, एकच लांब उतरता सूर असला की उशिरा. आत्तींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हे काय सांगायचं? यू यू तर सगळीच करत्यात.”

पक्कं झालं का, हे कसं ओळखायचं? पिल्लू काहीतरी हुंगण्यात गुंतलेलं असावं, वाटी त्याला दिसू नये, आणि एका नावावर मान वळावी. मग त्याच सुरात “बादली!” म्हणावं. बादलीलाही वळलं तर ते सुराला वळतंय, नावाला नव्हे. आमच्या मोत्याची परीक्षा घरी सिलेंडरची गाडी आलेली असताना झाली. 2019 मध्ये मेरिलँड विद्यापीठात कुत्र्यांना गोंगाटात स्वतःचं नाव ओळखता येतं का ते बघितलं होतं. मागची बडबड नावाइतकीच मोठी असतानाही त्यांनी ओळखलं, त्याहून वाढली तेव्हा गडबडली. इथंही तसंच. मिक्सर लागला होता, मागून हाक आली, मान वळली. सिलेंडरवाल्यानं लोखंड आपटायला सुरुवात केली तेव्हा मात्र मोत्यानं आमच्या कुणाकडं बघितलं नाही.

बाकी भाऊजी अजून गेट उघडताना टायगरच म्हणतात. मोत्या आता त्यालाही मान वळवतो, बहुतेक गेटाच्या आवाजानं.

काल मागच्या गल्लीतल्या त्याच सोन्यावाल्या बाई आल्या होत्या. नवं पिल्लू आणलंय. आबांच्या भिंतीपाशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत हुकूम लिहून घेतले, आणि जाताना म्हणाल्या, “मग आमीबी मोत्याच ठेवतो. तुमीच म्हनलासा की, लई चांगलं नाव हाय.”

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी आबांकडं. आबा हळूच म्हणाले, “ठेवू द्या. पण चिकनची वाटी त्यांनाच घेऊन उभारायला सांगा. हाक कुणीबी मारू दे, आपला मोत्या तिकडं जेवून येईल.”